शेवटच्या खुर्चीपासून जिन्यापर्यंत

२४ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असा ऑफिसचा एक मजला डोळ्यांसमोर आणा. क्षेत्रफळ ३६० चौरस मीटर, म्हणजे ३,९०० चौरस फुटांच्या जरा आत. पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत लहान सॉफ्टवेअर कंपन्या, सनदी लेखापालांच्या फर्म, विम्याची कार्यालये याच मापाच्या मजल्यांवर चालतात. असा मजला सजवायला घेतला की दोन प्रश्न ठरलेले असतात: बाहेर पडायचे दार आणि जिना किती रुंद हवा, आणि कुठूनही जिन्यापर्यंत जास्तीत जास्त किती चालावे लागले तर चालेल. दोन्हींची उत्तरे राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात आकड्यांत दिलेली आहेत. बहुतेक जण दोन्ही आकडे सारख्याच वजनाने वाचतात, आणि रुंदीचा गुणाकार सोपा असल्यामुळे तो आधी उरकून निश्चिंत होतात. या प्रस्तावनेचे म्हणणे असे आहे की लहान मजल्यावर रुंदीचा गुणाकार जवळपास काहीच ठरवत नाही. ठरवते ते अंतर. त्या अंतरातही सर्वांत मोलाचा तुकडा म्हणजे जिथपर्यंत माणसाला एकाच दिशेने जावे लागते, दुसरी वाटच नसते, तेवढा. वरचाच मजला शेवटपर्यंत हाताशी धरून हे तपासून पाहू.

पहिली पायरी माणसे मोजण्याची. संहिता व्यावसायिक वापरासाठी दर १० चौरस मीटरला १ माणूस धरायला सांगते. त्या हिशेबाने आपल्या मजल्यावर ३६ माणसे येतात. पण हा आकडा किमान आहे. प्रत्यक्षात बसणारी माणसे जास्त असतील तर तीच धरावी लागतात. आज या मापाच्या मजल्यावर ६० टेबले सहज मांडली जातात, शिवाय १२ जणांची मीटिंग रूम असते. मीटिंगमध्ये बसणारे आपल्याच टेबलांवरून उठून आलेले असतात, त्यांना दोनदा का मोजायचे, असे विचारले जाते. पण मीटिंग रूम बांधली जाते ती बाहेरच्या माणसांसाठीही; उमेदवारांच्या मुलाखती किंवा ग्राहकांची बैठक असते त्या दिवशी मजला खरोखरच भरलेला असतो. म्हणून ७२ माणसे धरू. कोष्टकातल्या आकड्याच्या बरोबर दुप्पट. ३६ धरून काढलेला हिशेब कागदावर नियमात बसतो, पण तो या ऑफिसचा हिशेब नसतो.

आता रुंदी. २०१६ च्या संहितेत ऑफिससाठी जिन्याला दर माणशी १० मिलिमीटर आणि दार, पॅसेज अशा सपाट वाटेला दर माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी धरली आहे. हे आकडे कुठून आले ते जुन्या आवृत्तीत स्पष्ट दिसते. २००५ च्या संहितेत ५०० मिलिमीटरचा एक पट्टा हे एकक होते, म्हणजे साधारण एका माणसाच्या खांद्यांची रुंदी. ऑफिसात अशा एका पट्ट्यातून जिन्यावर ५० आणि दारातून ७५ माणसे धरली जात. ५०० ला ५० ने भागले की १० येतात, ७५ ने भागले की साडेसहाच्या जरा वर. म्हणजे नव्या आकड्यांच्या पोटात जुनी रांगच उभी आहे. आपल्या ७२ माणसांना जिना लागतो ७२० मिलिमीटर आणि दार ४६८ मिलिमीटर. पण ऑफिससाठी जिना १,५०० मिलिमीटरपेक्षा आणि दार १,००० मिलिमीटरपेक्षा अरुंद ठेवताच येत नाही. उलट हिशेब केला तर १,५०० चा जिना १५० माणसांना पुरतो आणि १,००० चे दार १५३ माणसांना. मजल्यावर दीडशे माणसे होईपर्यंत गुणाकाराला काही कामच उरत नाही, किमान माप आधीच ठरलेले असते. वरच्या पाच मजल्यांची माणसेही याच जिन्याने उतरतात, त्यांचे काय, ही शंका रास्त आहे. पण जिन्याची रुंदी काढताना मजल्यांची बेरीज करत नाहीत, कारण प्रत्येक मजल्याची रांग आपल्या उंचीवरून सुरू होते आणि एकामागून एक खाली सरकते. सर्वांत गर्दीच्या मजल्याला पुरेल एवढी रुंदी तळापर्यंत कुठेही कमी न होता जायला हवी, एवढीच अट असते.

मग ४६८ मध्ये भागत असताना १,००० चा आग्रह कशासाठी? दाराच्या मधोमध उभे राहून पाहिले तर कळते. माणूस भिंतीला खांदा घासत चालत नाही. चालताना शरीर डावी-उजवीकडे डुलते, आणि कडेला थोडी जागा तो आपोआप सोडतो. जेक पॉल्स यांनी १९७० च्या दशकात कॅनडातल्या उंच ऑफिस इमारती रिकाम्या करण्याच्या सरावांच्या वेळी जिन्यांवरची माणसे न्याहाळली आणि मोजपट्टीवरच्या रुंदीपेक्षा प्रत्यक्ष वापरात येणारी रुंदी कमी असते हे मांडले. अग्निसुरक्षा अभियंते आज दाराच्या दोन्ही बाजूंनी १५० मिलिमीटर वजा करतात आणि उरलेल्या दर मीटरमधून सेकंदाला फार तर १.३ माणसे धरतात. १,००० मिलिमीटरच्या दारातून हाती ७०० उरतात, सेकंदाला ०.९१ माणूस जातो, आणि ७२ माणसांना ७९ सेकंद लागतात. आता सुतारकामाकडे पाहू. भिंतीत १,००० मिलिमीटरची मोकळी जागा ठेवली, तिच्यात दोन्ही बाजूंना ६० मिलिमीटरची चौकट बसली, आणि ४० मिलिमीटर जाडीचे दार नव्वद अंशांत उघडून वाटेतच उभे राहिले. उरले ८४०. त्याच रीतीने हिशेब केला की ७२ माणसांना १०३ सेकंद लागतात. सव्वा मिनिटाचे पावणेदोन मिनिट झाले, आणि नकाशावर अजून १,००० च लिहिलेले आहे. शिवाय व्हीलचेअर आणि स्ट्रेचर याच दारातून जाणार असतात, आणि माणसे बाहेर येत असताना अग्निशमन दलाचे जवान त्याच दारातून आत शिरणार असतात. म्हणून किमान माप मोकळ्या वाटेचे धरायचे, भिंतीतल्या भोकाचे नव्हे. रुंदीच्या बाबतीत लहान मजल्यावर लक्ष द्यायची खरी गोष्ट एवढीच आहे.

अंतराची गोष्ट निराळी आहे. तिथे कुठलेही किमान माप आपल्याला वाचवत नाही, मजल्याचा आकार थेट आड येतो. संहितेने ऑफिससाठी चालण्याचे अंतर जास्तीत जास्त ३० मीटर ठेवले आहे. संपूर्ण इमारतीत स्प्रिंकलर असतील तर त्यात निम्म्याने वाढ मिळते, म्हणजे ४५ मीटर. आपल्या मजल्याला वायव्य कोपऱ्यात एकच जिना आहे असे धरू. नकाशावर पट्टी ठेवून त्या जिन्यापासून समोरच्या आग्नेय कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती २८.३ मीटर भरते. तीसच्या आत. इथेच पुष्कळ नकाशे पास झाल्यासारखे वाटतात. पण कोपऱ्यातला माणूस टेबलांवरून आणि पार्टिशनमधून आरपार जात नाही. तो दोन रांगांमधल्या पॅसेजने आधी १५ मीटर येतो, मग भिंतीकडेने २४ मीटर. झाले ३९. नियमात बसणारा मजला चालायला लागताच नऊ मीटरने नियमाबाहेर गेला. म्हणून अंतर मोजायची रीत ठरलेली आहे: सर्वांत लांबच्या बसण्याच्या जागेपासून सुरुवात, माणूस जसा चालेल तशी वाट, कोपऱ्याला आणि अडथळ्याला वळसा घालताना सुमारे एक फूट जागा सोडून, आणि शेवट जिन्याच्या फायर डोअरच्या मध्यावर. शेवट कुठे, यात हमखास चूक होते. ऑफिसच्या काचेच्या दारापाशी मोजणी थांबवली जाते. काचेचे दार म्हणजे निर्गम नव्हे. त्याच्यापुढे लिफ्ट लॉबी असते, आणि ती ओलांडून धुरापासून बंदिस्त असलेल्या जिन्यात पाऊल पडेपर्यंत अंतर चालूच असते.

यावर एक आक्षेप ऐकू येतो आणि तो वजनदार आहे. धडधाकट माणूस सपाटीवर सेकंदाला १.२ मीटर चालतो. ३० मीटरला २५ सेकंद लागतात, ३९ ला ३३. आठ सेकंदांवरून एवढा गहजब कशाला? चाल तेवढीच राहिली असती तर हा आक्षेप मान्य करावा लागला असता. ती राहत नाही. जपानमध्ये जिन यांनी धूर भरलेल्या कॉरिडॉरमधून माणसांना चालवून त्यांचा वेग मोजला. डोळ्यांत झोंबणारा धूर दाट होऊ लागताच चाल सेकंदाला ०.३ मीटरच्या आसपास येते, म्हणजे अंधारात भिंत चाचपडत जाणाऱ्या माणसाइतकी. त्या चालीने ३० मीटरला १०० सेकंद लागतात आणि ३९ मीटरला १३०. धुरात घालवायचा प्रत्येक मीटर तीन सेकंदांहून महाग पडतो. त्यातच अलार्म वाजल्यावर माणूस लगेच उठत नाही. तो आजूबाजूला पाहतो, फाइल सेव्ह करतो, बॅग शोधतो, आणि ते सेकंद चालायला लागण्याच्या आधीच गेलेले असतात. अंतराची मर्यादा शांत दिवसातल्या चालीसाठी नाही, उशिरा उठलेल्या आणि धुरात सापडलेल्या माणसासाठी आहे.

दुसरा आक्षेप इतर देशांचे नियम दाखवतो. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ मध्ये स्प्रिंकलर नसलेल्या ऑफिसलाही ६१ मीटर चालतात, इंग्लंडच्या मार्गदर्शनात ४५. मग आपलेच ३० इतके पवित्र का? ते पवित्र नाहीतच, आणि हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत यातूनच शिकण्यासारखे काही आहे. इंग्लंडचे ४५ मीटर दोन दिशांना जाता येत असेल तरच मिळतात. एकाच दिशेला वाट असेल तर मर्यादा १८ मीटर होते. अमेरिकेतही पहिली दुवाट फुटेपर्यंतचा एकेरी प्रवास स्प्रिंकलर नसताना २३ मीटरवर थांबतो. आपल्या संहितेने ऑफिसच्या बंद टोकाच्या पॅसेजला १५ मीटरची मर्यादा घातली आहे. एकूण अंतराबद्दल तिन्ही देशांचे एकमत नाही, पण एकेरी वाट तोकडीच हवी यावर तिघेही ठाम आहेत. कारण साधे आहे. दोन दिशा असतील तर आग एका वाटेवर असते आणि माणूस दुसरीकडे वळतो. तेव्हा लांबी म्हणजे फक्त वेळ. एकच दिशा असेल तर आग माणसाच्या आणि दाराच्या मधे असू शकते, आणि मग अंतर पाच मीटर असले तरी ते ओलांडता येत नाही. दिल्लीत मुंडका इथल्या चार मजली व्यावसायिक इमारतीत १३ मे २०२२ रोजी २७ माणसे गेली. उतरायला जिना एकच होता. त्या जिन्याची रुंदी दुप्पट असती तरी आग त्याच्याच वाटेवर असताना ती कामी आली नसती.

म्हणून आपल्या मजल्याला दुसरा जिना देऊ, पण कुठे? खर्चाच्या दृष्टीने सोयीचे म्हणजे पहिल्याच्या शेजारी, तीनेक मीटरवर, पाठीला पाठ लावून. मग आग्नेय कोपऱ्यातल्या माणसाचे अंतर ३९ वरून ३६ होते. जिने दोन झाले, पण मजला अजून नियमाबाहेरच आहे, आणि लिफ्ट लॉबीत लागलेली एकच आग दोन्ही दारे एकदम बंद करते. आता तोच जिना उचलून समोरच्या आग्नेय कोपऱ्यात ठेवू. पॅसेजच्या वाटेने मोजले तर मजल्यावरचा कुठलाही माणूस आपल्या जवळच्या जिन्यापासून साडेएकोणीस मीटरपेक्षा लांब राहत नाही. ३९ चे निम्मे झाले. भिंत एक वाढली नाही, दार एका मिलिमीटरने रुंद झाले नाही, फक्त जागा बदलली. म्हणूनच एनएफपीए १०१ मध्ये दोन निर्गमांमधले अंतर मजल्याच्या कर्णाच्या किमान निम्मे, आणि स्प्रिंकलर असतील तर किमान एक तृतीयांश असावे लागते. आपला कर्ण २८.३ मीटर, तेव्हा दोन जिन्यांमध्ये निदान १४ मीटरहून थोडे जास्त अंतर हवे, स्प्रिंकलर असल्यास साडेनऊ. पाठीला पाठ लावलेले जिने दोन्ही कसोट्यांवर पडतात. इथे रुंदीचा प्रश्न पुन्हा डोकावतो, पण वेगळ्या रूपात. दोन दारे आहेत म्हणून ३६-३६ माणसे धरता येत नाहीत. गडबडीत माणसे रोज ज्या दाराने आत येतात त्याच दाराकडे धाव घेतात, आणि एक दार आगीने गेले तर सगळा भार दुसऱ्यावर येतो. एकेक दार एकट्याने ७२ माणसांना पुरते का, एवढे पाहायचे. १,००० मिलिमीटर खरोखर मोकळे असतील तर पुरते.

जागेचा आक्षेप मालकाचा असतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. दुसऱ्या जिन्याने वीसेक चौरस मीटर खाल्ले तर ३६० मधला पाच-सहा टक्के भाग दर महिन्याच्या भाड्यातून वजा होतो. पण ज्या मजल्यांबद्दल इथे बोलतो आहोत त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी दुसरा जिना इमारत बांधतानाच दिलेला असतो. तो जातो नंतर, ऑफिस सजवताना. भोगवटा प्रमाणपत्र रिकाम्या मजल्याला मिळते. मग भाडेकरू येतो, आणि आग्नेय कोपरा, दोन बाजूंनी खिडक्या असलेला, संचालकांच्या केबिनसाठी सर्वांना पसंत पडतो. पाच मीटर बाय चार मीटरची केबिन तिथे बसते आणि दुसऱ्या जिन्याचे दार तिच्या आत जाते. केबिनला कुलूप असते. त्या क्षणी मजल्यावरच्या सर्वांसाठी जिना पुन्हा एकच उरतो, आणि केबिनच्या भिंतीला लागून पूर्वेच्या खिडकीशी बसणाऱ्या माणसाचे अंतर चारेक मीटरवरून एकदम ३५ मीटरवर जाते. इमारतीचा मंजूर नकाशा पाहिला तर सगळे बरोबर आहे. म्हणून हा हिशेब रिकाम्या मजल्याच्या नकाशावर करून उपयोग नाही. तो फर्निचरच्या नकाशावर करायचा, आणि खुर्च्या मागे सरकवून करायचा. पाठीला पाठ असलेल्या दोन रांगांत टेबलापासून टेबलापर्यंत दीड मीटर दिसते, पण दोन्ही खुर्च्या उठताना मागे सरकल्या की मधे जेमतेम अर्धा मीटर उरतो. कागदावरच्या पॅसेजमधून मग कोणी जाऊच शकत नाही.

स्प्रिंकलर आहेत, मग ४५ मीटर मिळतात, ३५ चालून गेले, असे इथे म्हटले जाईल. कायद्याच्या आकड्यात ते बसेलही. पण स्प्रिंकलरची सवलत अंतराला आहे, बंद केलेल्या वाटेला नाही. शिवाय नवी केबिन छतापर्यंत गेली की जुनी स्प्रिंकलर-मुखे पार्टिशनच्या चुकीच्या बाजूला पडतात. ती पुन्हा मांडली नसतील तर ज्या सवलतीवर हिशेब टेकला आहे तिचाच पाया गेलेला असतो. तसेच कार्ड दाखवून उघडणाऱ्या दारांचे. चुंबकी कुलूप अलार्मबरोबर आणि वीज गेल्याबरोबर आपोआप सुटत नसेल, तर नकाशावरचे ते निर्गम हिशेबातून काढून टाकावे आणि अंतर नव्याने मोजावे. संहिता एवढेच मागते की आतल्या माणसाला किल्लीशिवाय दार उघडता यावे.

या आकड्यांना मर्यादा आहेत त्याही मांडायला हव्यात. राष्ट्रीय संहिता हा पाया आहे. बंधनकारक ठरतात ते त्या त्या शहराचे विकास नियंत्रण नियम आणि अग्निशमन विभागाच्या अटी, आणि दोन्हींत फरक असेल तर कडक तो पाळावा. वरचे सेकंदही अंदाजाचे आहेत. गुडघे दुखणारा, गरोदर किंवा काठी घेऊन चालणारा माणूस १.२ मीटरच्या चालीने जात नाही, आणि प्रत्येक ऑफिसात असा कोणी ना कोणी असतो. पण या अनिश्चितता वादाला कमकुवत करत नाहीत, बळच देतात. रुंदीत आपल्या हाती मोठी शिल्लक असते: ७२ माणसांच्या मजल्यावर १५० माणसांचे दार. अंतरात शिल्लक जवळपास नसते, आणि एकेरी वाटेत तर एका केबिनने ती संपते.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षेची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. पंप, होज, अग्निशामक नळकांडी यांची तपासणी त्या निमित्ताने होते. पण जानेवारी आणि जुलै यांच्या मधे टेबलांची एक रांग वाढते, एक कपाट पॅसेजमध्ये येते, एका कोपऱ्याला काचेची भिंत लागते. म्हणून पुढील पानांत जी रीत मांडली आहे ती फर्निचर हलेल त्या दिवशी वापरायची आहे. नकाशावर तीन आकडे लिहिलेले असावेत: सर्वांत लांबच्या खुर्चीपासून जवळच्या जिन्यापर्यंतचे चालण्याचे अंतर, त्यातला पहिली दुवाट फुटेपर्यंतचा एकेरी भाग, आणि प्रत्येक दाराची उघडल्यावर उरणारी मोकळी रुंदी. आपल्या मजल्यावर दुसरा जिना मोकळा असताना पहिला आकडा साडेएकोणीस आहे, आणि केबिन बांधल्यावर पस्तीस. बदल फक्त एका भिंतीचा आहे. ती भिंत उभी करण्याआधी त्या खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीवर बसावे, उठावे, आणि टेप हातात घेऊन जिन्यापर्यंत चालत जावे.